कंसावर अंगठा ठेवा

इटालियन शिकणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. ‘गाळलेल्या जागा भरा’ असा प्रश्न समोर आला की कंसात दिलेला शब्द आधी अंगठ्याखाली झाका आणि रिकाम्या जागेच्या उजवीकडे बघा.

कंसात ‘दी’ असतं, म्हणजे आपलं चा-ची-चे. किंवा ‘इन’, म्हणजे आत. किंवा ‘सु’, म्हणजे वर. पुढे येणाऱ्या नामाच्या उपपदाशी हा शब्द जुळतो आणि दोघांचा मिळून एकच शब्द होतो. ‘इन’ आणि ‘इल’ मिळून नेल, ‘इन’ आणि ‘ला’ मिळून नेल्ला, ‘दी’ आणि ‘लो’ मिळून देल्लो, ‘सु’ आणि ‘ला’ मिळून सुल्ला. असे जुळणारे शब्द पाच (आ, दा, दी, इन, सु) आणि उपपदं सात, म्हणून पुस्तकात पस्तीस घरांचा तक्ता दिलेला असतो. तो तक्ता घडाघडा म्हणणारी मुलं मी शिकवली आहेत, आणि त्याच मुलांच्या वहीत लाल शाई जास्त सांडली आहे. चूक तक्त्यात नसतेच. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर होते: नामाला उपपद कोणतं लागतं, हे ठरवण्याआधीच हात जोडणीला लागतो.

म्हणून अंगठा. नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, एक की अनेक, आणि सुरुवातीचा उच्चार कोणता, एवढं पाहून त्याचं उपपद पेन्सिलीने बारीक अक्षरात वर लिहा. मग अंगठा काढा आणि जोडा.

आपल्या मराठी कानाला इथे एक वेगळाच चकवा बसतो. इटलीत मिलानहून निघणारी दोन जुनी वर्तमानपत्रं आहेत. एक ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’, 1876 सालचं. दुसरं गुलाबी कागदावर छापलं जाणारं, खेळांना वाहिलेलं ‘ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त’, 1896 सालचं. पहिल्याचा शब्दशः अर्थ लावला तर ‘संध्याकाळचा निरोप्या’, दुसऱ्याचा ‘खेळाची पत्रिका’. आता नीट बघा. मराठीत ‘चा’ निरोप्याकडे पाहून आला आणि ‘ची’ पत्रिकेकडे पाहून. संध्याकाळ स्त्रीलिंगी आहे याची ‘चा’ला काही पर्वा नाही. इटालियनमध्ये नेमकं उलट. निरोप्या पुल्लिंगी असूनही ‘देल्ला’, कारण सेरा म्हणजे संध्याकाळ स्त्रीलिंगी. पत्रिका स्त्रीलिंगी असूनही ‘देल्लो’, कारण स्पोर्त पुल्लिंगी. आपला प्रत्यय वस्तूचं लिंग घेतो, त्यांचा शब्द मालकाचं. मराठीच्या सवयीने भरलेली जागा म्हणूनच हमखास चुकते, आणि चुकली हे कानाला कळतही नाही, कारण आपल्या हिशोबाने ती बरोबर असते. शंका आली की ही दोन नावं मनात म्हणा.

आता एकच वाक्य घेऊन ते उलटंपालटं करू. ‘चाव्या विद्यार्थिनीच्या सॅकमध्ये आहेत.’ इटालियन प्रश्नपत्रिकेत ते असं येईल: ‘ले क्यावी सोनो ____ (इन) जाइनो ____ (दी) स्तुदेन्तेस्सा.’ जाइनो म्हणजे पाठीवरची सॅक. त्यातला ज आपल्या ‘जाड’मधला. हा उच्चार इंग्रजीवाल्यांना घोकावा लागतो, आपल्याला आयता मिळाला आहे.

पहिली जागा. जाइनो पुल्लिंगी, एकवचनी. पुल्लिंगी नामाला साधारणपणे ‘इल’ लागतं, पण त्याची सुरुवात अशा ज-ने, स-ला जोडलेल्या व्यंजनाने किंवा प्स, न्य, श अशा उच्चारांनी होत असेल तर ‘लो’. म्हणून लो जाइनो, आणि जोडून नेल्लो जाइनो. दुसरी जागा. स्तुदेन्तेस्साच्या तोंडाशी ‘स्त’ दिसतं आणि निम्मा वर्ग देल्लो लिहून मोकळा होतो. पण ती विद्यार्थिनी आहे. ‘लो’ची सगळी भानगड फक्त पुरुषांकडे, स्त्रीलिंगी नामापुढे कोणतंही व्यंजन असो, ‘ला’च येतं. म्हणून देल्ला स्तुदेन्तेस्सा. तिच्या जागी स्तुदेन्ते, म्हणजे विद्यार्थी, आला की देल्लो. दोन्ही अनेकवचनात नेले तर ‘लो’चं ‘ल्यी’ होतं: नेल्यी जाइनी देल्यी स्तुदेन्ती.

आता त्या सॅकला जुनी म्हणू. वेक्यो म्हणजे जुना, आणि इथे तो नामाच्या आधी बसतो. सॅक तीच, लिंगही तेच, पण उत्तर बदललं: नेल वेक्यो जाइनो. कारण उच्चाराचा नियम नामाला नव्हे, रिकाम्या जागेला चिकटून येणाऱ्या शब्दाला लागू होतो. लिंग आणि वचन नामाकडून घ्यायचं, आवाज शेजाऱ्याकडून. मित्र म्हणजे आमीको. स्वरापुढे उपपद आपला स्वर टाकतं, म्हणून मित्राचा म्हणजे ‘देल्ल आमीको’, लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम, बोलताना सलग देल्लामीको. पण माझ्या मित्राचा म्हटलं की मध्ये मियो येतो आणि ‘देल मियो आमीको’ होतं. परीक्षा घेणारा ही विशेषणं गंमत म्हणून घालत नाही. तो तुमची नजर कुठे थांबते ते बघत असतो.

उत्तर लिहून झालं की ते उलट सोडवा. ‘नेल जाइनो’ लिहिलंय? फोडा. इन आणि इल जाइनो. इल जाइनो म्हणतात का? नाही. मग नेलही नाही. पस्तीस घरांपेक्षा ही एक तपासणी जास्त कामाची आहे.

‘पेर’ म्हणजे साठी, ‘त्रा’ आणि ‘फ्रा’ म्हणजे मध्ये, हे शब्द आजच्या भाषेत जुळत नाहीत, सुटेच राहतात: पेर लो स्तुदेन्ते. ‘कोन’ म्हणजे सह. त्याचं ‘कोल’ झालेलं कानावर येतं, पण लिहिताना ‘कोन इल’ लिहिलंत तर कोणी बोट ठेवणार नाही.

आणि पेन्सिलीने वर उपपद लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहतोच: इथे उपपद हवं आहे का? स्वयंपाकघरात जेवतो म्हणताना इटालियन माणूस ‘इन कुचीना’ म्हणतो, नुसतं, न जोडता. ऑफिसात, बँकेत यांचंही तसंच. पण ते स्वयंपाकघर कुणाचं हे सांगितलं, आजीचं म्हटलं, की लगेच उपपद हजर: नेल्ला कुचीना देल्ला नोन्ना. शहरांची नावं सहसा उपपद घेत नाहीत, म्हणून आ रोमा, आ मिलानो. नातेवाइकांचं प्रकरण त्याहून मजेशीर आहे. माझी, तुझी लावून एकट्या नातलगाचं नाव घेतलं की उपपद गळून पडतं. आईच्या पिशवीत म्हणायचं तर ‘नेल्ला बोर्सा दी मिया माद्रे’: पहिली जागा जुळलेली, दुसरी कोरडी ‘दी’. मैत्रिणीच्या पिशवीत म्हटलं तर मात्र ‘देल्ला मिया आमीका’, कारण मैत्रीण कितीही जवळची असली तरी इटालियन व्याकरण तिला नातलगांत धरत नाही. आणि ‘माझ्या भावांच्या’ म्हटलं की उपपद परत येतं, ‘देई मियेई फ्रातेल्ली’, कारण ती सूट एकट्या भावापुरतीच असते.