पिवळ्या रंगाला काम द्या

पाणी समितीच्या मासिक अहवालात हल्ली रंग भरायची पद्धत पडली आहे. टीसीएल साठा हिरवा, क्लोरीन हिरवं, गळती पिवळी, वसुली लाल. सभेत कागद फिरतो, सगळे रंग बघतात, चहा येतो आणि पुढचा विषय सुरू होतो. समितीच्या सदस्यांना, जलसुरक्षकांना आणि ग्रामसेवकांना माझी विनंती अशी की, पुढच्या अहवालात रंग भरण्याआधी एक प्रश्न विचारा: हा खाना हिरव्याचा पिवळा झाला तर उद्या सकाळी कोण काय करणार? उत्तर नसेल तर तो रंग पुसून नुसता आकडा लिहिलेला बरा.

रंगांच्या हद्दी बहुधा अशा ठरतात: ८० टक्क्यांच्या वर हिरवा, ५० ते ८० पिवळा, त्याखाली लाल. आकडे गोल आहेत, लक्षात राहतात, आणि सगळ्याच खान्यांना तेच लावले जातात. पण ८० का, ७५ का नाही, हे कुणाला सांगता येत नाही. हद्द कामातून निघायला हवी. टीसीएलच्या साठ्याचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे ती सरळ हिशेबाने काढता येते.

समजा गावाची टाकी ५० हजार लिटरची आहे आणि दिवसातून दोनदा भरते. म्हणजे रोजचं पाणी एक लाख लिटर. चांगल्या ताकदीची पावडर असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला अर्धा किलो. २५ किलोची गोणी ५० दिवस जाते. आता दुसरा आकडा काढा, जो कुणी लिहून ठेवत नाही: मागणी केल्यापासून गोणी गावात यायला किती दिवस लागतात? ठराव, सही, दुकानदाराकडचा माल, गाडी हे सगळं धरून बघा. समजा १५ दिवस. मग लाल रंगाची हद्द आपोआप मिळाली. १५ दिवसांपेक्षा कमी साठा म्हणजे आज मागणी केली तरी मधले काही दिवस गाव बिनऔषधाचं पाणी पिणार. तेव्हा नेहमीच्या मार्गाने भागत नाही. शेजारच्या ग्रामपंचायतीकडून किंवा पंचायत समितीकडून उसनी गोणी आणावी लागते. १५ ते ३० दिवस हा पिवळा: आज मागणी केली तर माल वेळेत येतो. ३० च्या वर हिरवा: काही करायचं नाही.

इथे साठा किलोत न मोजता दिवसांत मोजला, हे मुद्दाम. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की क्लोरीन जास्त खातं, पावडरही जास्त लागते. समजा अर्ध्या किलोऐवजी पाऊण किलो. १० किलो साठा उन्हाळ्यात २० दिवसांचा, म्हणजे पिवळा. तोच पावसाळ्यात जेमतेम १३ दिवसांचा, म्हणजे लाल. किलोवर हद्द ठेवली असती तर जुलैतही कागद पिवळाच राहिला असता. पावडर पडून राहिली की तिची ताकद उतरते. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ते २० वर आलं तर हजार लिटरला ५ ऐवजी ८ ग्रॅम लागतात. म्हणून वर्षभराचा साठा भरून खाना कायमचा हिरवा ठेवण्याची हुशारी करू नका.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची गोष्ट वेगळी आहे. भारतीय मानक सांगतं, पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावं. ही हद्द आपण ठरवायची नाही, ती आरोग्याची आहे. पण ती कुठल्या आकड्याला लावता, यात सगळी गोम आहे. चार नळ तपासले: टाकीजवळ ०.८, चौकात ०.६, शेवटच्या दोन वस्त्यांत ०.१ आणि ०.१. सरासरी ०.४. अहवाल हिरवा, आणि दोन वस्त्या उघड्यावर. क्लोरीन नळाच्या टोकाला जाईपर्यंत कमी होत जातं, त्यामुळे हद्द टोकाच्या नळालाच लावा, सरासरीला कधीच नाही.

मोजण्याच्या साधनाकडेही बघा. ओटी चाचणीत पिवळेपणा पट्टीवरच्या छटेशी ताडून बघतात. तिथे ०.२ आणि ०.२५ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, मग त्या दोघांच्या मधून हद्द काढण्यात अर्थ नाही. शिवाय थेंब टाकल्यावर दहाएक सेकंदांत रंग वाचला तरच मुक्त क्लोरीन कळतं. नळी बाजूला ठेवून गप्पा मारून आलात तर रंग गडद होतो, आकडा फुगतो, आणि लाल असलेला खाना हिरवा होऊन बसतो.

मग इथे पिवळा कुठे बसवायचा? ०.२ च्या जरा खाली पिवळा, असं करू नका. तिथे पाणी सुरक्षित नाही, एवढंच खरं. पिवळा दिवसांत शोधा. टोकाच्या एका नळाला एक दिवस ०.२ पेक्षा कमी आलं तर पिवळा. जलसुरक्षकाने त्याच दिवशी मात्रा तपासायची आणि संध्याकाळच्या पाण्याला पुन्हा चाचणी घ्यायची. ओळीने दोन दिवस कमी आलं, किंवा टोकाचे दोन नळ एकाच दिवशी कमी निघाले, तर लाल: ग्रामसेवकाला आणि आरोग्य उपकेंद्राला निरोप, आणि पाणी उकळून प्या अशी दवंडी. परत हिरव्यावर यायला ओळीने तीन दिवस नीट आकडे हवेत. नाहीतर रंग रोज उड्या मारतो आणि आठवड्याभरात त्याच्याकडे बघणं लोक सोडून देतात.

एक इशारा द्यायला हवा. पिवळा हा फार सोयीचा रंग आहे. हिरवा लिहिला तर खोटं ठरायची भीती, लाल लिहिला तर वरून फोन येणार, म्हणून पिवळा. सहा महिने सलग पिवळा असलेला खाना दिसला तर एकतर कुणी काम केलेलं नाही, किंवा हद्दच चुकीच्या जागी आहे. दोन्ही गोष्टी सभेत विचारा.

आरोग्य विभाग जलस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतो. त्याची आणि या रंगांची गल्लत करू नका. ती पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर होते आणि धोका किती आहे ते सांगते. भिंतीवर हिरवं कार्ड आहे म्हणून आजच्या नळात क्लोरीन आहे असं होत नाही.

ज्या दिवशी चाचणीच झाली नाही, त्या दिवसाचा खाना रिकामा सोडू नका आणि कालचा हिरवाही पुढे ओढू नका. तिथे करडा रंग भरा. महिन्यात तीनपेक्षा जास्त करडे दिवस आले तर पूर्ण महिन्याला हिरवा द्यायचा नाही, असं आधीच ठरवा.

या सगळ्या हद्दी एका कागदावर लिहा: खाना, दोन हद्दी, पिवळ्यावर कोण काय करणार, लालवर कोण काय करणार. खाली तारीख आणि सह्या. हद्दी बदलायच्या असतील तर एप्रिलच्या सभेत बदला, कारण सांगून. महिन्याचे आकडे हातात आल्यावर कुणी म्हणालं, ‘१५ ऐवजी १२ दिवस धरू या, तेवढ्यात भागतं,’ तर त्याला आधी मागच्या पावसाळ्यातली मागणीची तारीख आणि माल आल्याची तारीख दाखवायला सांगा.