काळवंडलेली मान काय सांगते?

१४ नोव्हेंबर. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस आणि म्हणून जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे हाच बालदिन. त्या दिवशी गावोगावी शिबिरे भरतात, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजली जाते आणि आकडा बरा आला की माणसे निर्धास्त होऊन घरी जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक माणसे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या आजाराच्या वाटेवर असलेल्या अनेकांची साखर आज मोजली तर ठीकच भरेल. पण मानेच्या मागे, काखेत, जांघेत त्यांच्या कातडीवर बदल दिसू लागलेला असतो. तो बघायला ना यंत्र लागते ना सुई. तरीही तो बघितला जात नाही, आणि बघितलाच तर 'मळ' म्हणून घासला जातो.

मानेवरचा हा काळपटपणा ओळखणे अवघड नाही. मानेच्या मागच्या आणि बाजूच्या वळ्यांत कातडी गडद होते, जाड होते आणि अंगठा फिरवला तर मखमलीसारखी लागते. कडा ठळक नसतात. रंग हळूहळू नेहमीच्या कातडीत मिसळत जातो. अनेकदा जोडीला बारीक लोंबते चामखीळही असतात. स्पिरिटच्या बोळ्याने जोराने पुसले तर मळ निघतो, हा काळेपणा निघत नाही. लिंबू, डाळीचे पीठ, दगड, ब्लीच यांनी कातडी सोलवटते आणि आग होऊन आणखी काळी पडते. ज्या मुलीला घरात आणि शाळेत 'मान धूत जा' असे ऐकवले जाते, ती बहुधा इतरांपेक्षा जास्तच घासत असते.

याचे कारण कातडीत नाही. पोटाभोवती चरबी साठली, हालचाल कमी झाली, घराण्यात मधुमेह असला की शरीरातल्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतते आणि त्या जोरावर साखर ताब्यात ठेवते. रक्तात असे भरमसाट इन्सुलिन फिरू लागले की ते कातडीच्या पेशींवरच्या वाढीच्या ग्राहकांनाही चिकटते. पेशी वाढतात, थर जाड होतो आणि रंग गडद दिसतो. म्हणजे मान काळी होते ती साखर वाढल्यामुळे नव्हे, तर साखर वाढू नये म्हणून शरीराला दुप्पट राबावे लागत असल्यामुळे. म्हणूनच ही खूण मधुमेहाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते आणि म्हणूनच तेव्हा उपाशीपोटीची साखर 'नॉर्मल' येऊ शकते.

प्रत्येक काळी मान म्हणजे मधुमेह, असे मात्र समजू नये. थायरॉइडचे विकार, स्त्रियांमधला पीसीओएस, स्टेरॉइडसारखी काही औषधे यांच्यामुळेही असा बदल होतो. काही घराण्यांत तो लहानपणापासूनच असतो. आणि उतारवयातल्या सडपातळ माणसाला हा काळेपणा अचानक आला, झपाट्याने पसरला, ओठांवर किंवा तळहातांवर उमटला, वजन उतरू लागले, तर पोटाच्या कर्करोगाची शंका घेऊन लगेच तपासणी करावी लागते. पण वजन वाढलेल्या तरुण माणसाच्या मानेवर हे दिसले, तर पहिला संशय इन्सुलिनच्या या ओढाताणीचाच घ्यायचा.

पुढे काय होते ते समजण्यासाठी तालुक्याच्या गावी दुकान चालवणारा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. दिवसभर गल्ल्यावर बैठक, वडिलांना मधुमेह. अठ्ठाविसाव्या वर्षी लग्नाआधी आईने मानेला लिंबू लावायला दिले, सलूनवाल्याने फेशियल केले. त्याच वर्षी विम्यासाठी तपासणी झाली. उपाशीपोटीची साखर ९६ आली आणि विषय मिटला. त्याच्या कंबरेचा घेर ९८ सेंटिमीटर होता, पण तो कोणी मोजला नाही. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात. काळी मान, वाढलेला घेर आणि मधुमेही वडील, एवढे तीन धागे एकत्र पाहिले असते तर ९६ या आकड्यावर कोणी समाधान मानले नसते.

पस्तिशीनंतर त्याच्या जांघेत खाज सुरू झाली. मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणली. चार दिवसांत आराम, ट्यूब संपली की पुन्हा खाज. अशा बहुतेक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तेज स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबते, बुरशी आत पसरतच राहते. नायट्याच्या गोल कडा पुसट होतात, कातडी पातळ पडते, आणि मग डॉक्टरलाही आजार चटकन ओळखू येत नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. गेल्या दशकभरात आपल्याकडे औषधांना न जुमानणाऱ्या नायट्याची साथच आहे आणि तो मधुमेह नसलेल्यांनाही सर्रास होतो. त्यामुळे नुसत्या नायट्यावरून मधुमेहाचा निष्कर्ष निघत नाही. साखरेकडे अधिक थेट बोट दाखवते ती कँडिडा नावाची बुरशी. स्तनांखाली किंवा जांघेत ओलसर लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेने सुटे बारीक फोड. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्यासारखी कातडी. स्त्रियांत खाजेसह दह्यासारखे पांढरे जाणे. पुरुषांत शिश्नाच्या टोकाला लाली, पांढरा थर आणि पुढच्या कातडीला बारीक चिरा, ही तिची रूपे. लघवीतून साखर जाऊ लागली की या बुरशीला खाद्य मिळते आणि वाढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकदही घटते.

आपल्या दुकानदाराला अडतिसाव्या वर्षी अशाच चिरा पडल्या. त्याने लाजेने बायकोलाही सांगितले नाही. तिकडे तिलाही खाज सुटली आणि तीही गप्प राहिली. वर्षात तीन-चार वेळा परतणारा हा त्रास साखर मोजल्याशिवाय कधीच निव्वळ मलमावर सोडायचा नसतो. मधुमेहाचा उपचार सुरू असलेल्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली औषधे घेतानाही हा संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

एकेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मानेच्या मागे, त्याच काळ्या पट्ट्यात, गळू आले. साधे केसतोड साधारण आठ-पंधरा दिवसांत तोंड धरते, फुटते आणि बसते. हे मात्र पसरत गेले. कातडी लाकडासारखी घट्ट झाली आणि चाळणीसारख्या चार-पाच तोंडांतून पू येऊ लागला. ही काळपुळी. शेजारच्याने सुईने फोडली, वर हळदीचा लेप बसला. तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला तेव्हा रुग्णालय गाठले. साखर निघाली ३४०. भूल देऊन काळपुळी उघडावी लागली, सडलेला भाग काढावा लागला आणि जखम भरायला दोन महिने गेले.

प्रमेहात गळवे उठतात हे आपल्या वैद्यकाला फार जुने ठाऊक आहे. चरकसंहितेत सात आणि सुश्रुतसंहितेत दहा प्रमेहपिडका नोंदवलेल्या आहेत. त्यामुळे गळू चिघळले की आजही घरातले मोठे माणूस 'साखर बघा' म्हणते आणि ते बरोबरच असते. फक्त त्या वेळी घेतलेला एक आकडा पुरेसा नसतो. मोठ्या संसर्गात मधुमेह नसलेल्याचीही साखर तात्पुरती वाढते. म्हणून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करायची. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह. आपल्या दुकानदाराची १०.८ होती. म्हणजे साखर गळवामुळे वाढलेली नव्हती. वाढलेल्या साखरेनेच गळवाला वाट करून दिली होती. रक्तक्षय असेल तर मात्र हा आकडा फसवू शकतो. तेव्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी अधिक भरवशाची.

या तेरा वर्षांत शरीराने तीन वेळा सांगून पाहिले आणि प्रत्येक वेळी उपचार झाला तो कातडीवर. यात सर्वांत मोठे नुकसान पहिल्या वेळचे आहे, कारण तेव्हाच मागे फिरणे सर्वांत सोपे असते. चेन्नईत झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात उंबरठ्यावरच्या माणसांनी नियमित चालणे आणि बेतशीर खाणे सांभाळले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. पोट उतरले की इन्सुलिनची पातळी खाली येते आणि काही महिन्यांत मानही उजळू लागते. कोणतीही क्रीम किंवा लेझर हे आतले काम करत नाही.

सरकारी यंत्रणेकडून आमची मागणी साधी आहे. मधुमेहाची सरसकट तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते. मान त्याच्या बरीच आधी, पुष्कळदा शाळेतच, काळवंडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतातच. त्यांनी मुलांची मान बघावी, कंबर मोजावी आणि दोन्हींत दोष दिसला तर पालकांना चिठ्ठी द्यावी. मेडिकल दुकानांतून स्टेरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीविना देण्यास कायद्याने मनाई आहे. तिची अंमलबजावणी करावी. आणि सलून-पार्लरमधल्या मंडळींनीही अशी मान दिसली तर ब्लीच सुचवण्याआधी रक्त तपासून घ्यायला सांगावे.

वाचकांनी एवढे करावे: घरातल्या प्रत्येकाची मान उजेडात बघावी आणि कंबर फितीने मोजावी. मान मखमली काळी असेल, खाज पुन्हा पुन्हा परतत असेल किंवा गळू दोन आठवड्यांत बसत नसेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी दोन्ही करून घ्यावे. मान काळी असूनही आकडे ठीक आले तर ती सुटका समजू नये. खाणे-चालणे सुधारावे आणि दरवर्षी तपासणी करावी. ताप, वेगाने पसरणारी लाली, काळी पडणारी कातडी किंवा जननेंद्रियाजवळ असह्य दुखणारी सूज असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि मान काळी म्हणून मुलाला यापुढे अस्वच्छ म्हणू नये. त्याला साबणाची नव्हे, डॉक्टरांची गरज आहे.