फुफ्फुसांच्या मुळाशी सुजलेल्या गाठी

पेढी सांभाळणाऱ्या, चाळिशीतल्या एका गृहस्थांची कल्पना करावी. तीन आठवडे कोरडा खोकला, बारीक ताप, सुजलेले घोटे आणि नडगीवर लालसर, दुखऱ्या गाठी. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी सारख्याच वाढलेल्या गाठी दिसतात. घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो क्षयाचा. परंतु हे सार्कॉइडोसिसचेही रूप असू शकते.

श्वासनलिका व रक्तवाहिन्या जेथून फुफ्फुसात शिरतात, ते त्याचे मूळ. फुफ्फुसातील लसिका याच वाटेने परत वाहते आणि वाटेत लसिका ग्रंथींतून गाळली जाते. श्वासाबरोबर आत आलेले परके कण रक्षक पेशी येथे आणतात. ते ओळखणाऱ्या लसिका पेशी येथेच वाढतात, म्हणून ग्रंथी फुगते.

परका पदार्थ पचवता आला नाही, तर भक्षक पेशी त्याच्याभोवती दाटीने जमतात. काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महापेशी होतात आणि बाहेरून लसिका पेशींचे कडे पडते. हाच सूक्ष्म पुंजका म्हणजे ग्रॅन्युलोमा. सार्कॉइडोसिसमध्ये असे पुंजके ग्रंथींत भरतात. त्यांना चेतवणारा पदार्थ मात्र वैद्यकाला निश्चित सापडलेला नाही.

क्षयातही ग्रॅन्युलोमा होतो. पण त्याचा मध्यभाग बहुधा मरून पनीरासारखा भुसभुशीत होतो. सार्कॉइडोसिसमध्ये तो सहसा जिवंत राहतो. तथापि क्षयाच्या काही पुंजक्यांतही हा बदल दिसत नाही, म्हणून केवळ सूक्ष्मदर्शकावर विसंबता येत नाही.

आपल्या गृहस्थांच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून सोनोग्राफीच्या आधारे सुईने ग्रंथीचा अंश काढला. त्यात जिवंत मध्यभागाचे ग्रॅन्युलोमा आढळले. कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. क्षयजंतूंची तत्काळ चाचणी नकारात्मक आली आणि कित्येक आठवड्यांच्या संवर्धनातही जंतू वाढले नाहीत. तेव्हा कोठे निदान ठरले.

ही चिकाटी का हवी? क्षयाला सार्कॉइडोसिस समजून स्टेरॉइड दिले तर प्रतिकारशक्ती दबून जंतू पसरतात. उलट चूक झाल्यास रोगी महिनोन्‌महिने क्षयाची औषधे व्यर्थ घेतो.

या गृहस्थांचा श्वास व फुफ्फुसांची क्षमता उत्तम होती, म्हणून स्टेरॉइड न देता वेदनाशामक औषध आणि ठरावीक काळाने तपासणी एवढेच पुरले. अशा स्वरूपाचा आजार बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. मात्र डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, कारण तेथील दाह मूकपणे दृष्टी बिघडवू शकतो. तसेच ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या वैद्यांना विचारल्याविना घेऊ नयेत. ग्रॅन्युलोमाच्या पेशी ते जीवनसत्त्व स्वतःच कार्यक्षम करतात आणि रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.