चुकलेली मीटिंग आणि फ्रेंच ईमेल

लियाँच्या ग्राहकासोबतची मंगळवारची मीटिंग चुकली, तर ईमेलची सुरुवात 'झ वू प्री द मेक्स्क्यूझे', म्हणजे 'मला क्षमा करावी ही विनंती', अशी करावी. 'झ मेक्स्क्यूझ' सर्रास चालतं, पण चोखंदळ फ्रेंच माणसाला त्यात आपणच आपल्याला माफ केल्याचा वास येतो. कारण एका ओळीत सांगावं, ट्रॅफिकचं पुराण नको. मग 'सरिए-वू दिस्पोनिब्ल' असं अदबीने विचारावं: गुरुवारी 10 वाजता, की शुक्रवारी 14:30ला? 'तुम्हाला जमेल तेव्हा' हे नम्र वाटतं खरं, पण ज्याला ताटकळत ठेवलं त्याच्याच गळ्यात वेळ शोधण्याचं काम पडतं. वेळ फ्रान्सची लिहावी. पुण्याशी फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीनचा. आणि बारा ते दोन टाळावं, तेव्हा तिथे जेवणं चालू असतात.