खुळखुळणारा इअरफोन

पूर्वी इअरफोन ही केवळ गाणी ऐकण्याची वस्तू होती. आता पेढीवर बसल्या बसल्या भाव विचारणे, पुण्यात शिकणाऱ्या मुलाशी बोलणे, सी.ए.च्या परीक्षेची व्याख्याने ऐकणे ही सर्व कामे तिच्यावरच होतात. अशी वस्तू गल्ल्यावरून घसरून शहाबादी फरशीवर पडली आणि कानात घालताच खुळखुळू लागली, की घरात दोन मते होतात. तरुण मंडळी नवी घ्या म्हणतात, वडीलधारे दुरुस्त करून आणा म्हणतात. पण आत नेमके काय झाले आहे, हे कळल्यावाचून कोणत्याच मताला किंमत नाही.

तारेच्या साध्या इअरफोनची रचना फार गुंतागुंतीची नसते. प्लॅस्टिकच्या दोन शिंपल्यांसारख्या अर्धुकांमध्ये एक वाटोळी चकती चिकटवलेली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तिचा व्यास सामान्यतः ९ ते १० मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या लहान गुंडीएवढा. चकतीत कागदाहून पातळ असा पडदा, त्याला चिकटलेले केसासारख्या तारेचे वेटोळे आणि त्याच्या अगदी लगत लोहचुंबक असते. विद्युतप्रवाहाने वेटोळे मागेपुढे हलते, पडदा हलतो आणि ध्वनी उमटतो. तो ध्वनी पुढच्या नळीतून, म्हणजे नोझलमधून, कानात जातो. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि नळीवर रबरी टोपी बसवलेली असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे निदान तिच्यावर उभे आहे. पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढचा व मागचा ध्वनी परस्परविरुद्ध असतो. ड्रायव्हर आपल्या खाचेत घट्ट बसलेला असेल तोवर हे दोन ध्वनी एकमेकांना भेटत नाहीत. धक्क्याने चकतीची एक कड उचलली गेली, की त्या फटीतून दोन्हींची गाठ पडते आणि जमा-नावे बरोबरीत सुटावे तसे ते एकमेकांना खाऊन टाकतात. हे प्रामुख्याने खालच्या, घुमणाऱ्या स्वरांच्या बाबतीत घडते. वरचे स्वर मात्र तसेच राहतात. तबल्याचा डग्गा नाहीसा होतो, झांज उरते. कानाला जो कर्कशपणा जाणवतो तो पुष्कळदा वाढलेला आवाज नसून उरलेला आवाज असतो.

नळी सैल झाली तरी परिणाम जवळजवळ हाच. नळीच्या मुळाशी फट पडते, हवा गळते आणि खालचे स्वर जातात. त्यातून जाळी निसटली असेल, तर तिच्यामुळे दबून राहणारे वरचे स्वर मोकळे सुटतात आणि बोलण्यातला ‘स’ व ‘श’ सुईसारखा टोचू लागतो.

सांगलीतील हळदीच्या एका अडत-पेढीवर घडलेले उदाहरण पाहण्यासारखे आहे. पेढीच्या मालकांचा मुलगा सुटी करता येणारी तार असलेला, १,८०० रुपयांचा इअरफोन वापरीत असे. तो पडल्यावर डावा भाग खुळखुळू लागला आणि आवाज पातळ व बोचरा झाला. मुलाने प्रथम दोन्हीकडच्या रबरी टोप्यांची अदलाबदल केली. फरक पडला नाही, तेव्हा टोपी निर्दोष ठरली. मग डाव्या बाजूची तार उजव्या भागाला आणि उजवीकडची डाव्याला जोडली. दोष तारेबरोबर सरकला असता तर तार खराब म्हणता आली असती, पण तो डाव्या भागातच राहिला. यानंतर त्याने आवाज मंद ठेवून नळीचे मूळ बोटांत हलकेच दाबले. दाबताच घुमारा काही अंशी परत आला, सोडताच गेला. फट आहे, याचा याहून सोपा पुरावा नाही.

तरीही एक प्रश्न उरला होता, आणि दुरुस्तीचा सारा निर्णय त्यावर अवलंबून असतो. खुळखुळणे दोन प्रकारचे असते. इअरफोन बंद असताना हलविल्यावर जो खडखडाट होतो, तो आत एखादा तुकडा मोकळा झाल्याचा. वस्तू स्थिर ठेवून आवाज चालू केल्यावर खालच्या स्वरांना जी घरघर येते, ती निराळी. चुंबक जागचे सरकले असेल, तर वेटोळे त्याला घासते आणि ही घरघर होते. ती ओळखण्यासाठी मोबाइलवरील एखाद्या स्वरजनक अॅपमधून २० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत एकच स्वर सावकाश चढवीत न्यावा, आवाज अगदी कमी ठेवावा आणि इअरफोन आडवा, उभा, उलटा करून पाहावा. दिशा बदलताच घरघर थांबत असेल, तर पडद्याजवळ एखादा कण वा केस अडकला असण्याचा संभव अधिक. कोणत्याही दिशेला ती कायम राहत असेल, तर वेटोळे घासत आहे असे समजावे, आणि मग दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. त्या सूक्ष्म पोकळीत चुंबक पुन्हा मध्यावर आणून बसविणे घरी तर नाहीच, बाजारातही कोणी करीत नाही.

सांगलीच्या त्या इअरफोनला घरघर नव्हती, खालचे स्वर केवळ क्षीण होते. मल्टिमीटरने पाहता उजव्या बाजूचा रोध १६.२ ओहम आणि डाव्या बाजूचा १६.० ओहम भरला. म्हणजे वेटोळे शाबूत होते. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत असती किंवा डावीकडे काहीच दाखवले नसते, तर तार तुटल्याचे कळले असते.

मालकांना मुले अण्णा म्हणतात. अण्णांनी इअरफोन दुरुस्तीच्या दुकानात पाठविला. कारागीर म्हणाला, “दादा, आतला ड्रायव्हर सुटलाय, नळीपण हलतीय. तीनशे रुपये पडतील. पण उघडताना पडदा फाटला तर मी भरून देणार नाही.” घरी परतल्यावर अण्णांनी हिशेब मांडला तो असा. खरेदीची किंमत १,८०० असली तरी तो आकडा आता इतिहासजमा झाला आहे. विचारात घ्यायची ती आज त्याच प्रतीचा इअरफोन घेण्यास लागणारी रक्कम, आणि ती होती १,५००. दुरुस्तीचे ३०० रुपये काम साधले न साधले तरी जाणार. यशाची शक्यता निम्मी धरली, तर एका यशस्वी दुरुस्तीचा खरा खर्च ६०० होतो. पंधराशेच्या वस्तूसाठी सहाशे हा व्यवहार परवडतो. हाच इअरफोन ५०० रुपयांचा असता, तर ३०० देणे म्हणजे घसरलेल्या मालावर पुन्हा भांडवल घालणे झाले असते. वस्तू स्वस्त असेल तर स्वतःच्या हाताने प्रयत्न करावा, दुकानात जाऊ नये, एवढे तारतम्य पुरेसे आहे. हमीपत्राचा आधार येथे सहसा मिळत नाही, कारण पडून झालेली मोडतोड त्यातून बहुधा वगळलेली असते.

कारागिराने काम केले ते मुलाने शेजारी उभे राहून पाहिले. सांध्यावर केस वाळविण्याच्या यंत्राची मंद ऊब दिली, म्हणजे जुना डिंक मऊ पडला. मग पातळ प्लॅस्टिकची पट्टी सांध्यात फिरवून अर्धुके विलग केली. लोखंडी स्क्रूड्रायव्हर त्याने मुद्दाम दूर ठेवला होता. चुंबक तो हातातून ओढून घेते आणि त्याचे टोक पडद्यात शिरते, म्हणून असे इअरफोन हौशी हातांत हमखास मरतात. आत पाहता चकतीची कड एका बाजूने खाचेतून वर आली होती आणि पिवळ्या, ठिसूळ झालेल्या डिंकाचा एक कपचा मोकळा पडला होता. खुळखुळत होता तो एवढाच. चकतीला जोडलेल्या तारा न ताणता त्याने जुना डिंक लाकडी काडीने खरवडला, चकती खाचेत बसविली आणि कडेभोवती बी-७००० हा लवचीक डिंक सुईच्या टोकाने लावला. नळीच्या मुळाशीही तोच लावला आणि जाळी पुन्हा बसविली.

क्षणात चिकटणारा सायनोअॅक्रिलेट जातीचा डिंक मात्र येथे वर्ज्य समजावा. तो पाण्यासारखा पातळ असल्याने वेटोळ्याच्या फटीत ओढला जातो आणि त्याची वाफ पांढरट थर होऊन पडद्यावर बसते. नळी घट्ट होते, पण पडदा कायमचा ताठरतो. लवचीक डिंकाला वेळ लागतो, पुरेशी बळकटी येण्यास २४ ते ४८ तास द्यावे लागतात. तेवढा धीर नसल्यामुळे पहिल्याच रात्री कानात घातलेली नळी पुन्हा सुटते. तार सोडवावी लागली असेल, तर जोडताना धन व ऋण टोके उलटू नयेत. उलटली तर एकेका कानाने सर्व ठीक वाटते, पण दोन्ही कानांनी ऐकताना घुमारा पोकळ होतो आणि मधून येणारा आवाज डोक्यात भरकटल्यासारखा भासतो.

दोन दिवसांनी घुमारा दोन्ही बाजूंना सारखा झाला. वरच्या स्वरांत डावी बाजू उजवीपेक्षा किंचित तीक्ष्ण राहिली, कारण जाळी एकदा निघाली की ती पूर्वीइतकी नेमकी क्वचितच बसते. संगीताच्या जाणकाराला हे खटकेल. व्याख्याने आणि संभाषण यांसाठी इअरफोन पूर्ववत झाला, आणि मुलाचे काम तेवढेच होते.

हे सर्व विवेचन तारेच्या इअरफोनपुरते आहे. बिनतारी प्रकारात प्रत्येक बोंडात एक छोटी लिथियम बॅटरी असते. तिला ऊब देणे वा पट्टीने टोचणे म्हणजे पेट घेण्यास आमंत्रण. पडल्यानंतर असे बोंड खुळखुळत असेल, फुगलेले दिसत असेल किंवा चार्जिंगला लावताच गरम होत असेल, तर ते तत्काळ पेटीतून काढून वेगळे ठेवावे, पुन्हा चार्ज करू नये आणि घरी उघडू नये. त्याची जागा ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात.

नळी सैल झालेला कोणताही इअरफोन दुरुस्त होईपर्यंत कानात घालू नये. कान सोडताना टोपीसकट नळीच आत राहण्याचा धोका असतो. राहिलीच, आणि बोटांनी सहज धरता येत नसेल, तर चिमटा वा काडी घालून ती आणखी आत ढकलू नये. कान-नाक-घसातज्ज्ञ ती आपल्या उपकरणाने सहसा लगेच काढून देतात.