युरोपचा माल आधी कोलंबोला का जातो?

दाजीबानपेठेतील एखाद्या व्यापाऱ्याने ब्याडगी मिरचीचा कंटेनर रॉटरडॅमला पाठवावयाचे ठरविले, असे समजू. युरोप आपल्या पश्चिमेला. परंतु नव मंगळूर बंदरातून निघालेला कंटेनर बहुधा प्रथम दक्षिणेस कोलंबोला जातो, तेथे उतरतो आणि दुसऱ्या जहाजावर चढून मग युरोपची वाट धरतो. ह्या वळशाचे कारण काय?

आशिया-युरोप मार्गावरील सर्वांत मोठी जहाजे सुमारे ४०० मीटर लांब असून त्यांवर वीस फुटी मापाचे वीस हजारांहून अधिक कंटेनर मावतात. त्यांना पाणी खोल लागते, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो हिशेब. दोन-तीनशे कंटेनरांसाठी एवढे जहाज वाट वाकडी करून मंगळुरास आणणे कोणासही परवडत नाही. कोलंबो मात्र सिंगापूर-सुएझ ह्या राजमार्गाच्या अगदी लगत आहे. म्हणून लहान 'फीडर' जहाजे ठिकठिकाणचा माल गोळा करून तेथे आणतात. आपल्या हुबळी जंक्शनवर उतारू गाडी बदलतात, तसेच हे.

मंगळूर-कोलंबो प्रवास जेमतेम दोन दिवसांचा. खरा विलंब होतो तो जंक्शनवर. मोठे जहाज साधारणतः आठवड्यातून एकदा येते. फीडर गुरुवारी पोहोचले आणि मोठे जहाज रविवारी सुटणार असले, तर तीन दिवसांचीच प्रतीक्षा. पण पावसाळी समुद्रामुळे किंवा धक्का रिकामा नसल्यामुळे फीडर रखडले व रविवारचे जहाज सहा तासांनी हुकले, तर त्या सहा तासांचे सात दिवस होतात. पुढचे जहाज भरलेले असल्यास आणखी एक आठवडा गेलाच!

हे ओळखावे कसे? कंपनीच्या नोंदीत कंटेनर कोलंबोला उतरल्याची तारीख दिसते, पण पुन्हा चढल्याची दिसत नाही, तेव्हा माल तेथेच अडकला असे समजावे. माल देतानाच दलालाला विचारावे : पुढचे जहाज कोणते, आणि मध्ये किती दिवसांचे अंतर आहे? अंतर एकाच दिवसाचे असेल तर तारीख आकर्षक दिसते. जहाज हुकण्याचा धोकाही तेथेच अधिक.

दुसरा मार्ग न्हावाशेवाचा. तेथून युरोपला थेट जहाजे सुटतात. मात्र हुबळीहून मंगळूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, तर न्हावाशेवा साडेपाचशेच्या आसपास. ट्रकभाडे वाढते, जंक्शनची अनिश्चितता टळते. केरळातील विळिंजम बंदराचे २ मे २०२५ रोजी औपचारिक उद्घाटन झाल्याने मोठ्या जहाजांसाठी भारतातच एक जंक्शन मिळाले आहे; पण तेथेही जहाज बदलावे लागतेच. तेव्हा माल फीडरने जाणार असेल, तर गिऱ्हाइकाला तारीख देताना वेळापत्रकावर एक आठवडा वाढवून सांगावा, हे उत्तम.