फोल्डर हलवणाऱ्याचा गुन्हा काय?

गेल्या एप्रिलमध्ये धुळ्याला गेलो होतो. मामाच्या ऑफिसात त्या दिवशी एका पोराची हजेरी घेणं चालू होतं. "याने सगळी बिलं उडवली! याचा पगार कापणार," असं अकाउंटंट काका सांगत होते. मामा माझ्याकडे वळला, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा."

बघितलं. एकही बिल उडालं नव्हतं. नवीन आर्थिक वर्ष लागलं म्हणून पोराने शेअर्ड ड्राइव्हवरचा `2024-25` हा फोल्डर उचलून `Juni` नावाच्या फोल्डरात ठेवला होता, बस्स. पण रजिस्टरच्या एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाला कंट्रोल-के दाबून लिंक दिलेली. आता कुठेही क्लिक करा, उत्तर एकच: `Cannot open the specified file.`

माझं म्हणणं असं की गुन्हेगार तो पोरगा नाहीच. फोल्डर हलणारच हो! दर वर्षी हलणार. चूक आहे ती हजारभर सेलमध्ये तोच पत्ता कोंबणाऱ्याची.

एक्सेलची लिंक फाइलला ओळखत नाही, तिच्याकडे फक्त पत्ता असतो. गल्ली नंबर चारमधला माणूस पांझरेपलीकडे देवपूरला राहायला गेला, तरी ही जुन्याच दारावर थाप मारत बसते. त्यात फाइल त्याच ड्राइव्हवर असेल तर एक्सेल बहुतेक वेळा पूर्ण पत्ता न ठेवता 'रजिस्टरपासून इतकं आत' एवढंच ठेवतं. म्हणून रजिस्टर आणि बिलं एकत्र हलवली तर लिंक चालतात, आणि दोघांपैकी एकच हलवलं की मरतात.

काकांनी कंट्रोल-एच करून पत्ता बदलायचा प्रयत्न केला होता. उपयोग शून्य! कारण ते सेलमध्ये दिसणारा मजकूर बदलतं, कंट्रोल-केने दिलेल्या लिंकच्या पोटातला पत्ता नाही.

मी आधी फोल्डर जागेवर ठेवला. सगळ्या लिंक जिवंत. मग नवीन वर्षाच्या रजिस्टरमध्ये `F1` या एकाच सेलमध्ये पत्ता लिहिला:

```
\\SERVER\Hisab\Bills\2025-26\
```

आणि बिल नंबरच्या शेजारच्या रकान्यात:

```
=HYPERLINK($F$1&A2&".pdf", A2)
```

`Z:` मुद्दाम टाळलं, कारण तोच ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर `Y:` असू शकतो. बिल नंबर टेक्स्ट म्हणून ठेवा, नाहीतर `0417` चं `417` होईल आणि फाइल सापडणार नाही. एखाद्या पीडीएफचंच नाव कुणी बदललं तर हा फॉर्म्युलाही हात टेकतो, हे मान्य. पण पुढच्या एप्रिलला फोल्डर हलला की फक्त `F1` बदलायचं.

पोराचा पगार वाचला. काका मात्र अजून म्हणतात, "हलवायचंच कशाला?"

असो. कपाटाला हात लावू नका म्हणण्यापेक्षा कपाटाचा पत्ता एकाच जागी लिहा की राव!